सायटिकासाठी मणक्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन: मधून द्यायचं की बाजूने?

प्रश्न: आमच्या आप्पांचं वय ५४, अमळनेरजवळ कापसाची शेती. पावणेदोन महिन्यांपासून डावा पाय कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत दुखतोय. गोळ्या, फिजिओ सगळं करून झालं. एमआरआयमध्ये एल४-एल५ची गादी डावीकडे सरकून नस दबली आहे असं आलं. धुळ्याचे डॉक्टर म्हणतात पाठीच्या मधोमध स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ. जळगावचे डॉक्टर म्हणतात बाजूने, मशीनखाली, थेट नसेपाशी देऊ. आप्पांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. नातेवाईक सांगतात, मणक्यात सुई घातली की माणूस लुळा होतो. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं? आणि याने ऑपरेशन टळेल का?

उत्तर: दोन्ही मार्ग रूढ आहेत, दोन्ही डॉक्टरांनी काही चुकीचं सांगितलेलं नाही. पण तुम्ही लिहिलंय तसं एकाच पायात, एकाच नसेचं दुखणं असेल, तर मी स्वतः बाजूचा मार्ग निवडीन. त्याला तीन अटी आहेत: सी-आर्म म्हणजे हलता एक्स-रे दाखवणारं मशीन हवं, औषधाआधी एक्स-रेत दिसणारा डाय सोडून जागा पाहिली पाहिजे, आणि स्टेरॉइड कणविरहित, म्हणजे डेक्सामेथासोन, असलं पाहिजे. यातली एकही अट पाळली जाणार नसेल तर बाजूचा मार्ग घेऊ नका. मग मधला मार्ग जास्त सुरक्षित.

मात्र मार्गाच्या आधी इंजेक्शन लागू पडणारं दुखणं आहे का, हे ठरवायला हवं. मी भूलतज्ज्ञ आहे आणि वेदनाउपचाराचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, "कंबर दुखस का पाय दुखस?" तो "पायच दुखस, कंबर थोडीशी" म्हणाला तर पुढे बोलायला अर्थ आहे. दुखणं गुडघ्याच्या खाली उतरतं, खोकल्यावर-शिंकल्यावर पायात चमक मारते, उताणं झोपवून सरळ पाय उचलला की अर्ध्यावरच पायात कळ येते, ही खरी सायटिका. नुसती कंबर धरली असेल तर या इंजेक्शनाचा फारसा उपयोग होत नाही, एमआरआयमध्ये गादी कितीही सरकलेली दिसो. चाळिशी-पन्नाशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या दिसतात. म्हणून रिपोर्ट आणि दुखणं एकाच नसेकडे बोट दाखवतात का, हे तपासावंच लागतं. आप्पांच्या बाबतीत ते जुळतंय असं दिसतं. एल४-एल५ची गादी मधल्या रेषेच्या जरा बाजूला सरकली की बहुतेक वेळा खाली उतरणारी एल५ची नस दबते, आणि एल५चं दुखणं पोटरीच्या बाहेरच्या अंगाने, पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जातं. घरी एक गोष्ट करून पाहा. आप्पांना टाचांवर दहा पावलं चालायला सांगा आणि डाव्या पायाचा अंगठा तुमच्या बोटाच्या विरुद्ध वर उचलायला लावा. उजव्याच्या मानाने तो ढिला पडत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि एक गोष्ट जिथे इंजेक्शनाचा विचारही करायचा नाही. लघवी अडकली, लघवी-संडासचं भान राहिलं नाही, बसायच्या जागेवर बधिरपणा आला, किंवा पाऊल दिवसागणिक लटकं पडत चाललं, तर त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे न्यायचं. तिथे नसेवरचा दाब काढावा लागतो. स्टेरॉइडने दाब जात नाही.

आता इंजेक्शन नेमकं करतं काय ते सांगतो, कारण मार्गाचा वाद त्याशिवाय कळत नाही. गादीच्या आतला गाभा बाहेर आला की तो नसेला नुसता दाबत नाही, त्यातल्या द्रव्यांनी नसेभोवती दाह होतो. नस सुजते, आणि सुजलेली नस थोड्या दाबालाही बोंब मारते. स्टेरॉइड हा दाह उतरवतं. गादी जागेवर जात नाही, नस मोकळी होत नाही. पण बाहेर आलेला गाभा शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, कित्येक महिन्यांत तो आकसतो, आणि गंमत म्हणजे मोठा तुकडा सुटून आला असेल तर तो आकसण्याची शक्यता जास्त असते. म्हणून बहुतेकांची सायटिका ऑपरेशनाशिवाय बरी होते. तो काळ माणसाला झोपता यावं, चालता यावं, एवढ्यासाठी हे इंजेक्शन आहे. ज्या डॉक्टरांनी 'गादी परत आत जाईल' असं सांगितलं, त्यांच्याकडून हे करून घेऊ नका.

दाह कुठे आहे? नसेच्या पुढच्या बाजूला, जिथे गादी तिला टेकते. मधला मार्ग, ज्याला इंटरलॅमिनार म्हणतात, त्यात सुई पाठीकडून दोन मणक्यांच्या कमानींमधून जाते. तुओही नावाची जरा जाड, टोकाशी वाकलेली सुई वापरतात. मागे सलाईन किंवा हवा भरलेली सिरिंज लावलेली असते आणि दट्ट्यावर अंगठा हलका दाबून धरलेला असतो. पिवळ्या रंगाचा एक घट्ट लिगामेंट असतो, त्यात सुई असेपर्यंत दट्ट्या हलत नाही. सुई पलीकडे निघाली की अंगठ्याखालचा अडथळा एकदम जातो. आपण एपिड्युरल जागेत, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, पोचलो, ही त्याची खूण. बाळंतपणाच्या एपिड्युरलला भूलतज्ज्ञ हेच करतात, त्यामुळे ही पद्धत अनेकांच्या हाताला बसलेली असते. अडचण अशी की औषध मज्जारज्जूच्या आवरणाच्या मागे पडतं. तिथून पुढे गादीपर्यंत किती पोचेल हे आतल्या चिकटलेल्या पडद्यांवर अवलंबून असतं, आणि ते अर्ध्यात कुठेतरी अडकलं तर कळायला मार्ग नसतो. म्हणून यात औषधाचं प्रमाण जास्त, साधारण ४ ते ६ मिलि, भरावं लागतं. मशीनशिवाय नुसत्या हाताच्या अंदाजाने दिलं तर बऱ्याच जणांत सुई मुळात योग्य जागी नसते, हे एक्स-रे लावून पाहिलेल्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. मधल्या रेषेऐवजी दुखऱ्या बाजूला जरा सरकून सुई घातली की औषध पुढच्या बाजूला बरंच चांगलं पसरतं. धुळ्याचे डॉक्टर मशीनखाली असं करणार असतील तर त्यांचा सल्ला अजिबात कमी दर्जाचा नाही. दोन्ही पाय दुखत असतील तर मीही मधूनच देतो.

बाजूचा मार्ग म्हणजे ट्रान्सफोरॅमिनल. नस मणक्यातून ज्या खिडकीतून बाहेर पडते, त्या खिडकीत बारीक सुई नेतात. सी-आर्मवर मणक्याचा पेडिकल हा भाग गोल दिसतो. त्या गोलाच्या अगदी खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी, टोक नेऊन ठेवायचं. औषध नसेलगत पुढच्या बाजूला, गादीपाशी पडतं, आणि दोन-तीन मिलि पुरतं. इथे एक बारकावा आहे. आप्पांची गादी एल४-एल५ची असली तरी दबलेली एल५ची नस बाहेर पडते एक मजला खाली, एल५-एस१च्या खिडकीतून. मी बहुधा तिथून, एल५च्या पेडिकलखालून जातो आणि औषध नसेच्या अंगाने वर चढताना डायवर पाहतो. काही जण वरच्या खिडकीतून देतात. दोन्ही चालतं, पण 'कोणत्या नसेला आणि कोणत्या खिडकीतून' हे डॉक्टरांना विचारल्यावर लगेच नेमकं सांगता आलं पाहिजे.

फायद्याबद्दल खरं ते सांगतो, कारण या इंजेक्शनाभोवती फार फुगवून बोललं जातं. २०२० साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने सायटिकावरच्या २५ चाचण्या एकत्र करून तपासल्या. शंभराच्या मापावर पायाचं दुखणं, खोट्या इंजेक्शनाच्या तुलनेत, सरासरी फक्त ५ गुणांनी कमी झालं, तेही सुरुवातीच्या काही आठवड्यांत. हा आकडा फारच लहान आहे. पण सरासरीत सगळे मिसळतात, नीट जागेवर दिलेले आणि भलतीकडे दिलेले, निवडून घेतलेले रुग्ण आणि कसेही घेतलेले. २०१०मध्ये ऑस्ट्रेलियात १५० रुग्णांवर झालेली एक चाचणी मला म्हणून महत्त्वाची वाटते. सगळ्यांची गादीमुळे दबलेली एक नस होती, आणि सगळ्यांना मशीनखाली दिलं होतं. बाजूने स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं महिन्याभरात निम्म्याने तरी उतरलं. त्याच जागी नुसतं भुलीचं औषध दिलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं आणि स्नायूत स्टेरॉइड दिलेल्यांत २१ टक्के. म्हणजे औषधही महत्त्वाचं, जागाही महत्त्वाची. पण पुढे महिने जातील तसं हे प्रमाण घटत गेलं, हेही तितकंच खरं. मधल्या मार्गाने दिलेल्या इंजेक्शनांची इंग्लंडमध्ये २००५ साली २२८ रुग्णांवर चाचणी झाली. तिच्यात तीन आठवड्यांना थोडा फायदा दिसला आणि सहा आठवड्यांना तो उरला नव्हता. दोन्ही मार्ग मशीनखाली समोरासमोर तपासले तेव्हा मात्र फरक लहानच निघाला. म्हणून जळगाव की धुळे, याला जीवन-मरणाचा प्रश्न करू नका.

ऑपरेशन टळेल का? काहींचं टळतं. २०००मध्ये ऑपरेशनसाठी तयार असलेल्या ५५ जणांना नसेपाशी इंजेक्शन दिलं. स्टेरॉइड मिळालेल्या २८ पैकी २० जणांनी ऑपरेशन नको म्हटलं, नुसतं भुलीचं औषध मिळालेल्या २७ पैकी ९ जणांनी. २०२१मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत १६३ रुग्णांत बाजूचं इंजेक्शन आणि गादीचं ऑपरेशन यांची थेट तुलना झाली. चार महिन्यांच्या सुमारास रोजच्या हालचालींतल्या अडचणीत दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. यावरून मी एवढाच अर्थ काढतो की पाय लटका नसेल तर आधी इंजेक्शन करून पाहणं शहाणपणाचं आहे. फसलं तर ऑपरेशनचा रस्ता बंद होत नाही. वेळेचा मुद्दा मात्र लक्षात ठेवा. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यावर ही इंजेक्शनं देऊ नयेत असं २०२५च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने जोर देऊन सांगितलंय. मी तितका टोकाला जात नाही, पण जुन्या दुखण्यात परिणाम उतरतो हा माझाही अनुभव आहे. आप्पांचे पावणेदोन महिने म्हणजे योग्य वेळ आहे. कापसाची वेचणी संपल्यावर बघू, असं करू नका.

आता लुळं होण्याची भीती. नातेवाईक हवेतलं बोलत नाहीत, पण ते कशामुळे होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ज्या खिडकीतून नस बाहेर येते, तिथूनच कधीकधी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी बारीक धमनी आत जाते. त्यातली मोठी धमनी बहुतेकांत छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवर, जास्त करून डावीकडे असते, पण काहींत ती खालीही असते. ट्रायमसिनोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन ही औषधं पांढरी, गढूळ दिसतात, कारण त्यांत न विरघळलेले कण असतात. हे कण एकत्र येऊन गुठळ्या होतात, त्या धमनीत गेल्या तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही मिनिटांत दोन्ही पाय जातात. ते परत येण्याची आशा फार कमी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१४मध्ये एपिड्युरल स्टेरॉइडबाबत लकवा, अंधत्व, मृत्यू अशा क्वचित पण गंभीर घटनांचा इशारा दिला होता. डेक्सामेथासोन पाण्यासारखं स्वच्छ असतं, त्यात कण नसतात. २०१४मध्येच बाजूच्या मार्गाने डेक्सामेथासोन आणि ट्रायमसिनोलोन यांची तुलना झाली. दुखण्यात आराम जवळपास सारखाच निघाला, डेक्सामेथासोनच्या गटात इंजेक्शनं थोडी जास्त लागली, इतकंच. एक सुई जास्त लागली तर लागू द्या. कण असलेलं स्टेरॉइड बाजूच्या मार्गाने मी देत नाही.

डायचं काय एवढं, ते एका उदाहरणाने सांगतो. चोपड्याकडचे एक गृहस्थ, केळीचे घड ट्रकमध्ये चढवायचं काम, उजव्या पायात पोटरीच्या मागून करंगळीकडे कळ, म्हणजे एस१ची नस. सुई माकडहाडाच्या वरच्या त्रिक हाडातल्या भोकातून आत गेली, दोन्ही बाजूंच्या एक्स-रेत जागा बरोबर दिसत होती. सिरिंज मागे ओढली, रक्त आलं नाही. एक मिलिहून कमी डाय सोडला आणि मी पाय एक्स-रेच्या पॅडलवरून न उचलता पडद्याकडे पाहत राहिलो. नसेभोवती डाय दोरीसारखा जाडसर राहायला हवा होता. तो एक बारीक वेडीवाकडी रेघ होऊन वर पळाला आणि दोन-तीन सेकंदांत दिसेनासा झाला. सुईचं टोक शिरेत होतं. सुई जरा मागे घेऊन दिशा बदलली, पुन्हा डाय सोडला, या वेळी नसेचा आकार स्वच्छ उमटला, मग औषध दिलं. एस१ला असं पाचात एकदा होतं असं अभ्यासांत आलंय, आणि रक्त मागे आलं नाही म्हणजे सुई रक्तवाहिनीत नाही, असं अजिबात नसतं. डाय सोडताना हलता एक्स-रे चालू ठेवला नाही, नंतर फक्त फोटो काढला, तर ती रेघ कधीच दिसत नाही.

मधल्या मार्गाचे धोके वेगळे. आवरणाला भोक पडलं तर दुसऱ्या दिवसापासून बसल्यावर डोकं ठणकतं आणि आडवं झाल्यावर थांबतं. बहुतेकांचं काही दिवसांत बरं होतं. ते भोक लक्षात न येता स्टेरॉइड आत पडणं जास्त वाईट, म्हणून तिथेही डाय हवाच. मणक्याच्या जागेत रक्ताची गाठ होणं दुर्मीळ, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका खरा आहे. आप्पा क्लोपिडोग्रेलसारखं काही घेत असतील तर ते साधारण आठवडाभर आधी बंद करावं लागतं, आणि ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण स्टेंट असेल तर गोळी बंद करणं इंजेक्शनापेक्षा धोक्याचं ठरू शकतं.

शुगरचं गणित साधं आहे. स्टेरॉइडनंतर साखर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते आणि आठवड्याभरात उतरते. उपाशीपोटी २००च्या वर असेल तर मी आधी ती आटोक्यात आणायला लावतो, कारण जास्त साखरेत जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. इंजेक्शननंतर आठवडाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी साखर पाहा. ३००च्या पुढे गेली तर शुगरच्या डॉक्टरांना फोन करा, गोळी मनाने वाढवू नका.

त्या दिवशी आप्पांना पूर्ण भूल लागणार नाही, आणि लागूही नये. सुई नसेला टोचली तर त्यांनी "वीज गेली" असं ओरडून सांगायला हवं. ते पालथे झोपतील, कातडी बधिर करतील, सुई, डाय, मग आधी थोडं भुलीचं औषध. मी इथे मिनिटभर थांबून दोन्ही पायांची बोटं हलवायला सांगतो. ती हलली तरच पुढे साधारण ८ मिग्रॅ डेक्सामेथासोन. एकूण पंधरा-वीस मिनिटं. औषधाची बाटली तुमच्यासमोर फोडलेली, एकाच रुग्णासाठीची असावी. २०१२मध्ये अमेरिकेत दूषित मिथाइलप्रेडनिसोलोनमुळे बुरशीचा मेंदूज्वर पसरून ६०हून अधिक माणसं गेली होती. आदल्या रुग्णासाठी उघडलेलं उरलेलं औषध वापरायला नकार द्यायचा तुम्हाला हक्क आहे.

पहिले काही तास भुलीच्या औषधाने बरं वाटेल, पाय थोडा जड वाटेल, तोवर धरून चालवा. रात्री दुखणं परत येईल, तेव्हा 'वाया गेलं' म्हणून घाबरू नका, स्टेरॉइड दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत काम दाखवतं. चेहरा लाल होणं, एक-दोन रात्री झोप न लागणं होतं. दोन आठवड्यांनी आप्पांना विचारा, किती अंतर न थांबता चालता आणि रात्री कितीदा उठता. निम्मा तरी फरक असेल आणि पुन्हा दुखू लागलं तर दुसरं इंजेक्शन देण्यात अर्थ आहे. काहीच फरक नसेल तर तेच पुन्हा देण्यात नाही. तेव्हा निदान पुन्हा तपासायचं किंवा सर्जनला भेटायचं. 'तीन इंजेक्शनांचा कोर्स' आधीच पैसे भरून घेण्याचा आग्रह कुणी केला तर उठून या.

आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, किंवा कंबर आधी नव्हती इतकी वाढत जाऊन ठणकू लागली, पायातली ताकद उतरू लागली, तर शुगर असलेल्या माणसात याला गादीचं दुखणं समजून गोळ्यांवर काढायचं नाही. त्याच दिवशी ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांच्याकडे जा, सीआरपी ही रक्ततपासणी आणि एमआरआय करा, आणि इंजेक्शन कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या औषधाचं दिलं ती चिठ्ठी सोबत न्या.